दहा टक्के नायसिनामाइडने चेहरा लाल होतोय?
"१० टक्के नायसिनामाइड सीरम दोन वेळा लावतेय. तेल कमी झालं नाही, उलट गाल चुरचुरतात. बंद करू का?"

हो, आठवडाभर पूर्ण बंद करा. तोवर सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर पुरे. चुरचुर थांबली की ४-५ टक्क्यांचं, फक्त रात्री, एक दिवसाआड सुरू करा. तेल कमी झाल्याचं अभ्यासात २ टक्क्यांनीही दिसलं आहे. टक्के दुप्पट केले म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढू शकतो. शिवाय नायसिनामाइडमध्ये निकोटिनिक अॅसिडचा अंश असू शकतो. त्याने रक्तवाहिन्या फुगतात, चेहरा लाल आणि गरम होतो. सीरम जितकं तीव्र, तितका हा अंशही जास्त पोहोचू शकतो.

माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं. ५ टक्क्यांवर आल्यावर लाली गेली, कपाळावरचं तेल कमी व्हायला मात्र सहा आठवडे लागले. रंध्रं कायमची लहान होत नाहीत हे आधीच सांगते. आत साचणारं तेल घटलं की ती कमी उठून दिसतात, एवढंच. बंद करूनही लाली राहिली किंवा सूज आली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.