मामाची रेटलिस्ट

माझ्या मामाचं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. पाइप, एल्बो, टी, सॉकेट, नळ, व्हॉल्व्ह. रेटलिस्ट लांब वहीत, बॉलपेननं, स्वतःच्या हातानं. गिऱ्हाइकानं दर विचारले की चार पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचे. एकदा एका प्लंबरनं फोटोतला 8 हा 3 वाचला आणि त्या हिशोबानं घरमालकाला अंदाज देऊन बसला. फरक शेवटी मामानं सोसला. त्या रात्री त्यानं ठरवलं की यादी आता पीडीएफमध्ये करायची आणि ती आपणच करायची.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. फोनमध्ये स्कॅनरचं ॲप घेतलं, चार पानं टिपली, पीडीएफ तयार! मी डीटीपीचं काम करते, म्हणून त्यानं ती मला पाठवली. मी म्हटलं, "मामा, एखाद्या शब्दावर बोट दाबून धर बरं." काहीच निवडलं गेलं नाही. मोठं करून पाहिलं तर अक्षरांच्या कडा फुटत होत्या. म्हणजे वहीचा फोटोच होता, फक्त पीडीएफच्या पाकिटात घातलेला. 8 आणि 3 चा घोळ जागच्या जागी. त्यात शोधता काही येत नाही आणि फाइल कित्येक एमबीची. यादी टाइप करण्याला पर्याय नव्हता.

मी म्हटलं, वही दे, मी दोन तासांत टाइप करते. तो नाही म्हणाला. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आज मी ठामपणे म्हणते की त्याचंच बरोबर होतं, कारण ती वही मला वाचताच आली नसती.

वहीत 'एल्बो' एकदाच लिहिलं होतं आणि खाली अकरा ओळींत नुसत्या डिट्टोच्या खुणा. मध्येच एक ओळ खोडून बाजूला नवा माल लिहिलेला. त्याच्या खालच्या डिट्टो जुन्या मालाच्या की नव्या? हे फक्त मामाला माहीत. काही दर नगाचे, काही डझनाचे, पाइपचे कधी मीटरचे तर कधी पूर्ण लांबीचे, आणि एकक कुठेच लिहिलेलं नाही. हातानं लिहिताना त्याची गरज पडत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकच असतो. एक्सेलच्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळीला एकटीनं उभं राहावं लागतं. तक्ता क्रमानं लावला की ओळी इकडच्या तिकडे जातात, आणि डिट्टोची ओळ भलत्याच मालाच्या खाली जाऊन बसते. मामाच्या हे पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं. त्यानं नियम केला की प्रत्येक ओळीत मालाचं नाव पूर्ण लिहायचं आणि एककासाठी वेगळा रकाना ठेवायचा. पुढचे पाच दिवस गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो एकेका ओळीवर थांबून "हे नगाला की डझनाला?" असं स्वतःलाच विचारत होता. दोन ठिकाणी उत्तर त्याचं त्यालाही सापडेना, तेव्हा जुनी बिलं काढून बघितली.

मग त्याचा फोन आला, आवाज अगदी रडकुंडीला आलेला. "अगं, अर्धा इंच लिहिलं की तारीख येते!" एक्सेलमध्ये त्यानं 1/2 लिहिलं की 01-Feb दिसायचं, आणि 3/4 लिहिलं की 03-Apr. गंमत म्हणजे 1 1/2 मात्र नीट राहायचं, त्यामुळे त्याला वाटलं की कीबोर्ड बिघडलाय. कीबोर्डचा काही दोष नव्हता. दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ दिसली की एक्सेल ती तारीख समजतं. आधी पूर्ण आकडा आणि मध्ये जागा असेल तर त्याला अपूर्णांक ओळखता येतो. त्यानं त्या रकान्याचा फॉरमॅट Text केला, तर तारखेच्या जागी 45 हजारांच्या पुढचा एक आकडा उमटला. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या मोजणीत ठेवतं, तीच मोजणी वर आली होती. मी एवढंच सांगितलं की रिकामा रकाना आधी Text कर, मग टाइप कर. आधी बिघडलेलं मात्र पुन्हा लिहावं लागेल.

त्यानं ते केलं. पण आता Text झालेले आकार क्रमानं लागेनात, कारण एक्सेलला ते आकडे वाटतच नव्हते. यावरचा तोडगा मामाचा स्वतःचा, मला तो सुचला नसता. मालावर इंचाबरोबर मिलिमीटरही छापलेले असतात: अर्ध्याला 15, पाऊणला 20, एकाला 25, सव्वाला 32, दीडला 40, दोनला 50. त्यानं मिलिमीटरचा वेगळा रकाना केला आणि सगळी यादी त्यावर लावली. वाचायला इंच, क्रमाला मिलिमीटर.

पीडीएफ काढली तेव्हा दराचा रकाना दुसऱ्याच पानावर गेला होता. पहिल्या पानांवर नुसती नावं आणि शेवटच्या पानांवर नुसते आकडे. छपाईच्या खिडकीत Fit All Columns on One Page निवडल्यावर सगळे रकाने एका पानाच्या रुंदीत आले. पण यात एक धोका असतो. रकाने जास्त असले की अक्षर मुंगीएवढं होतं. त्यानं शेऱ्याचा रकाना काढून टाकला, तेव्हा ते फोनवर वाचण्याजोगं झालं. मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर यावी म्हणून Print Titles मध्ये Rows to repeat at top भरलं.

या सगळ्या खटपटीला कंटाळून एका रात्री तो एक्सेलची फाइलच गिऱ्हाइकांना पाठवणार होता. मी अक्षरशः ओरडले. त्या फाइलीत त्याच्या खरेदीचे दर होते, फक्त तो रकाना लपवलेला होता. लपवलेला रकाना समोरचा माणूस दोन क्लिकमध्ये उघडू शकतो. तोच तक्ता पीडीएफ करून पाठवला की लपवलेला रकाना त्यात जातच नाही. शिवाय मराठी फॉन्ट फाइलीतच बसलेला असतो, त्यामुळे समोरच्याच्या फोनवर चौकोन दिसत नाहीत.

शेवटची अडचण शोधण्याची. पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला की कधी सापडतो, कधी नाही. डोळ्यांना दिसणारं अक्षर आणि आत साठवलेलं अक्षर यांची जुळणी पहिल्या वेलांटीत आणि जोडाक्षरांत बिघडते. 'रिड्यूसर'मध्ये तर दोन्ही आहेत, त्यामुळे तो शोधून सापडेना. म्हणून मामानं प्रत्येक मालाला तीन आकडी नंबर दिला. नंबर कुठल्याही फोनवर सापडतो.

आता प्रत्येक पानावर वर तारीख आहे आणि तिच्याखाली "याआधीची यादी रद्द" ही ओळ. फाइलीच्या नावातही तारीख, वर्ष आधी आणि दिवस शेवटी, म्हणजे फोल्डरमध्ये त्या आपोआप ओळीनं लागतात. दुसऱ्याच्या फोनमध्ये गेलेली जुनी पीडीएफ परत काही बोलावता येत नाही, म्हणून हे हवंच.

परवा मी दुकानात बसले होते. तोच 8 आणि 3 वाला प्लंबर फोनवर होता. म्हणाला, "शेठ, 214 चे सहा आणि 217 चे दोन काढून ठेवा." मामानं वही उघडली नाही. त्यानं पीडीएफमध्ये 214 टाइप केलं, ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, "वर तारीख कुठली दिसतेय तुम्हाला?"