बॉक्सवर नुसतं '१२८ जीबी', आत चिप कोणती ते कोण सांगणार?

फोन घेताना आपण रॅम विचारतो, मेगापिक्सेल विचारतो, पण ते १२८ जीबी कोणत्या चिपवर आहे हे कुणीच विचारत नाही आणि कंपन्या नेमक्या तिथंच हात मारायलेत. मॉडेल तेच, रंग तोच, किंमत तीच, पण पहिल्या लॉटमध्ये यूएफएस ही वेगवान स्टोरेज चिप आणि काही महिन्यांनी आलेल्या लॉटमध्ये ईएमएमसी ही जुन्या पद्धतीची, मंद चिप. बॉक्सवर एक अक्षर बदलत नाही. मला ह्याचा खरंच राग येतो.

हे काही हवेतलं नाही. २०१७ ला हुआवेच्या पी१० मध्ये हेच झालं होतं. चीनमधल्या लोकांनी आपापल्या फोनवर स्पीड टेस्ट केली तर कुणाला डेटा वाचायचा स्पीड सेकंदाला ७०० एमबीच्या वर आणि कुणाला ३०० च्या पण खाली, फोन मात्र सेम टू सेम. कंपनीनं सांगितलं की फ्लॅश मेमरीचा तुटवडा होता म्हणून वेगवेगळ्या चिप वापराव्या लागल्या. तुटवडा असू शकतो, मान्य, पण मग आधी सांगा ना, लोकांनी पकडल्यावर काय सांगायलात.

फरक किती पडतो म्हणाल तर ईएमएमसी हा एकेरी पूल आहे, एका वेळी एकाच बाजूची गाडी, म्हणजे डेटा वाचणं चालू असलं की लिहिणं थांबतं. यूएफएसमध्ये दोन्ही बाजू सोबत चालतात. नवीन फोनवर हे लगेच जाणवत नाही. वर्षभरानं स्टोरेज भरत आलं, मागं ॲप अपडेट चालू आहे आणि तुम्ही फोनपे उघडायलात, तेव्हा ते पांढरं स्क्रीन घेऊन बसतं.

आमच्या परभणीतलंच बघा. माझ्या चुलतभावानं एक फोन लाँचच्या वेळी घेतला, त्याच्या मेहुण्यानं तोच फोन दिवाळीच्या सेलमध्ये. दोन्ही १२८ जीबीचेच. मेहुणा म्हणायला, "भाऊजी, तुमच्याहून माझा फोन नवा, मग हाच का अडकायलाय?" दोन्ही फोन माझ्याकडं आणले. AndroBench हे स्टोरेजचा स्पीड मोजणारं ॲप टाकलं, पण आधी दोन्ही चार्ज केले, बॅटरी सेव्हर बंद केला, स्टोरेजमध्ये बरीच जागा मोकळी केली आणि फोन गार होऊ दिले, कारण गरम किंवा भरलेला फोन चांगल्या चिपवर पण कमी आकडा दाखवतो. मग Sequential Read, म्हणजे सलग डेटा वाचायचा स्पीड बघितला. चुलतभावाच्या फोनचा सेकंदाला ४८० एमबीच्या आसपास, मेहुण्याच्या फोनचा २७०.

इथं एक गोष्ट कामाची आहे. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे, त्यामुळं पुन्हा पुन्हा टेस्ट करून पण ४८० येत असेल तर ती ईएमएमसी नाही. उलटं मात्र खरं नाही हां, २७० आला म्हणजे ईएमएमसीच असं नाही, एखादी मंद यूएफएस पण तेवढंच देते. म्हणून नुसत्या आकड्यावर भांडायला जाऊ नका, फोनलाच विचारा. सेटिंगमध्ये Build number वर सात वेळा टॅप करून Developer options चालू करा, त्यात USB debugging चालू करा, adb, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल, टाकलेल्या कॉम्प्युटरला केबल लावा आणि तिथं ही कमांड टाका:

```
adb shell getprop ro.boot.bootdevice
```

चुलतभावाच्या फोननं दाखवलं `4804000.ufshc`, मेहुण्याच्या फोननं `4744000.sdhci`. पुढचे आकडे सोडा, शेवटी ufs असलं तर यूएफएस, sdhci किंवा mmc असलं तर ईएमएमसी. हे स्नॅपड्रॅगनवाल्या फोनवर चांगलं चालतं, बाकी काही फोनवर उत्तर रिकामं येतं, मग स्पीडवरच अंदाज बांधावा लागतो.

तुलना करताना व्हेरियंट सेम पाहिजे. ६४ जीबीला ईएमएमसी आणि १२८ ला यूएफएस असं कंपनी उघड लिहून देत असेल तर ती फसवणूक नाही.

कॅमेऱ्याचं पण असंच. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस७ मध्ये काही फोनला सोनीचा सेन्सर होता, काहींना सॅमसंगचा स्वतःचा. पण तिथं दोन्ही जवळपास सारखेच, त्यामुळं मी त्याच्यावर एवढं चिडत नाही. पार्ट बदलला ह्याला हरकत नाही, हलका पार्ट घालून किंमत तीच ठेवली ह्याला आहे.

ऑनलाइन घेत असाल तर ऑर्डर देतानाच स्पेसिफिकेशनच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ते पान नंतर बदलू शकतं. फोन आला की व्हॉट्सॲपचा बॅकअप त्यात टाकायच्या आधी टेस्ट करा, रिप्लेसमेंटचे दिवस थोडेच असतात. पानावर यूएफएस लिहिलेलं आणि आत ईएमएमसी निघाली तर १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार करा. पानावर नुसतं '१२८ जीबी' असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, मेहुण्याचं तेच झालं. म्हणून घ्यायच्या आधीच विक्रेत्याला लेखी विचारा, चिप कोणती, आणि उत्तर आलं नाही तर दुसरं मॉडेल बघा.

तुमच्या फोनवर टेस्ट केली तर मॉडेल, व्हेरियंट, कोणत्या महिन्यात घेतला आणि त्या कमांडचं उत्तर खाली टाका. आयएमईआय मात्र टाकू नका.