कुषाण सम्राट कनिष्काने महायान पंथ जन्माला घातला का?

"कनिष्काने काश्मीरमध्ये चौथी बौद्ध संगीती भरवली, तिथे धर्माची हीनयान आणि महायान अशी फाळणी झाली आणि राजाश्रयामुळे महायान जन्माला आला."

परीक्षेच्या नोट्समधून फिरणाऱ्या या उत्तरातला पहिला दोष संगीतीबद्दलचा, म्हणजे भिक्षूंच्या धर्मसभेबद्दलचा आहे. या संगीतीचं सविस्तर वर्णन चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने केलं, तेही सुमारे पाच शतकांनी. त्याच्या सांगण्यानुसार तिथे त्रिपिटकावर भाष्यं रचून ताम्रपटांवर कोरली गेली. परंपरा या संगीतीशी जोडते तो 'महाविभाषा' हा ग्रंथ सर्वास्तिवाद्यांचा, म्हणजे जुन्याच संप्रदायाचा आहे. नव्या पंथाचा जाहीरनामा तिथे निघाला नाही.

राजाचं दान कुणाला गेलं, हे तर पुराव्यानेच तपासता येतं. पेशावरजवळच्या शाहजी-की-ढेरी इथल्या स्तूपात कनिष्काचं नाव असलेला अस्थिकरंडक सापडला. त्यावरच्या लेखात स्वीकारणारे म्हणून सर्वास्तिवादी आचार्य आहेत. शिवाय कनिष्काच्या नाण्यांवर बुद्ध आहे, तसेच नना, मिहिर आणि शिवासारखा ओएशोही आहेत. अफगाणिस्तानात 1993 मध्ये सापडलेल्या रबाटक लेखात त्याने नना, अहुरमज्द अशा देवता मोजल्या आहेत. त्या यादीत बुद्ध नाही. अनेक धर्मांच्या प्रजेवर राज्य करणारा राजा सर्वांना हात देत होता, असंच यातून दिसतं. आपल्याकडेही तेच चित्र आहे: वैदिक यज्ञ करणाऱ्या सातवाहनांच्या घराण्यातली गौतमी बलश्री नाशिकचं लेणं भद्रायनीय या बौद्ध संप्रदायाच्या भिक्षूंना देते.

मग नवे विचार कुठून आले? गांधारी भाषेतली, प्रज्ञापारमिता या महायान सूत्राची भूर्जपत्रं सापडली आहेत आणि कार्बन कालमापनाने ती इसवी सनाच्या पहिल्या ते दुसऱ्या शतकातली ठरतात. लोकक्षेम या बौद्ध भिक्षूने सन 179 च्या सुमारास चीनमधल्या लोयांगमध्ये याच परंपरेतल्या 'अष्टसाहस्रिका'चा अनुवाद केला. एवढा मोठा ग्रंथ परदेशात पोचतो, तेव्हा त्यामागचा विचार त्याच्या आधी बराच काळ मुरलेला असतो. मथुरेजवळ गोविंदनगरला महायानात पुजल्या जाणाऱ्या अमिताभ बुद्धाच्या मूर्तीचं पीठ मिळालं. ती मूर्ती कनिष्कानंतरचा कुषाण राजा हुविष्क याच्या काळात बसवली होती आणि दाता राजा नसून व्यापारी घराण्यातला गृहस्थ होता.

फाळणी हा शब्दही इथे बसत नाही. सातव्या शतकातला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की दोन्ही बाजूंचे भिक्षू एकच विनय, म्हणजे संघाचे आचारनियम पाळत; बोधिसत्त्वांना पुजणारे आणि महायान सूत्रं वाचणारे ते महायानी, एवढाच फरक.

उत्तरपत्रिकेत मी असं लिहीन: "महायान विचार भिक्षू आणि उपासकांत हळूहळू रुजला. कुषाण राजाश्रयाने विहार आणि मूर्तिकला यांना बळ दिलं, कुषाण साम्राज्यातले व्यापारी मार्ग विचारांच्या प्रसाराला उपयोगी पडले. पण कनिष्काच्या दानाचे ज्ञात लाभार्थी सर्वास्तिवादी होते."