पाच बदली खेळाडू, पण संधी तीनच

काल कट्ट्यावर फुटबॉलमधल्या पाच बदली खेळाडूंच्या नियमावरून वाद पेटला तो संदीपच्या एका वाक्यामुळे. "पाच बदल म्हणजे श्रीमंत क्लबांची सोय. ज्याची राखीव फळी तगडी, तो साठाव्या मिनिटाला अर्धा संघ बदलणार आणि समोरचा दमलेला संघ गारद होणार."

"राखीव बाकाचा मुद्दा खरा आहे," मिलिंद म्हणाला, "पण पाच हा आकडा अर्धाच नियम आहे रे. पाच खेळाडू बदलायला खेळ चालू असताना तीनच वेळा संधी मिळते. मध्यांतरातला बदल त्यात धरत नाहीत. प्रशिक्षकाचं डोकं खरं तिथे चालतं."

२०२० मध्ये कोविडमुळे तात्पुरता आलेला हा नियम २०२२ मध्ये कायमचा झाला. त्यावर मिलिंदने उदाहरण दिलं त्याच वर्षीच्या विश्वचषकातल्या जर्मनी-जपान सामन्याचं. माझ्या मते याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मध्यांतराला जपान ०-१ ने मागे होता आणि पहिला अर्धा तास-पाऊण तास त्यांचे खेळाडू चेंडूमागे नुसते धावत होते. जपानचे प्रशिक्षक मोरियासूंनी मध्यांतरात विंगर कुबोला काढून बचावपटू तोमियासूला आणलं. पिछाडीवर असताना बचावपटू! पण त्यामुळे मागे तिघे झाले आणि दोन्ही कडांचे खेळाडू पुढे जायला मोकळे झाले. ही संधी फुकटची, तिन्ही शिल्लक. ५७व्या मिनिटाला नागातोमोच्या जागी मितोमा आणि माएदाच्या जागी आसानो, असे दोन बदल एका संधीत. ७१व्याला तानाकाऐवजी दोआन. ७५व्याच्या सुमारास साकाईऐवजी मिनामिनो. पाच बदल संपले, तीन संधीही संपल्या.

"आणि लगेच गोल," गौरी म्हणाली. "मितोमाने आत पास दिला, मिनामिनोचा फटका जर्मनीचा गोलरक्षक नॉयरने अडवला, परत आलेल्या चेंडूवर दोआन. तिघंही बदली म्हणून आलेले."

"८३व्या मिनिटाचा विजयी गोल बघ," मिलिंद म्हणाला. "इताकुराची लांब फ्री किक आसानोने धावता धावता पायावर घेतली. तो जेमतेम पंचवीस मिनिटं खेळलेला, त्याच्यामागे धावणारा जर्मनीचा बचावपटू श्लॉटरबेक पहिल्या मिनिटापासून मैदानात. जागेवरून सुसाट सुटण्याची ताकद शेवटच्या टप्प्यात सगळ्यात आधी ओसरते. सेंटर बॅकला सहसा कोणी बदलत नाही, म्हणून ताजा स्ट्रायकर नेमका त्याच्यावर सोडायचा."

संदीप मागे हटला नाही. "जर्मनीकडेही पाच होते की. त्यांचे प्रशिक्षक फ्लिक यांनी ६७व्याला ग्युंडोआन आणि म्युलर दोघांना काढलं, तेव्हा १-० होतं. मग ताज्या पायांचं काय झालं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. ग्युंडोआन खेळाची लय धरून होता. तो गेल्यावर दम वाढला असेल, पण चेंडू शांतपणे फिरवून वेळ काढणारा माणूस कमी झाला. थकवा पायांचा असतो, तसा संघाच्या ताब्याचाही असतो, आणि पाच बदलांच्या मोहात हे विसरलं जातं. दोन-तीन माणसं एकदम आली की कॉर्नरवर कोणी कोणाला धरायचं हेही नव्याने ठरवावं लागतं. म्हणूनच समोरच्याचा कॉर्नर असताना बदल करायला बरेच प्रशिक्षक कचरतात.

गौरीचा मुद्दा सुरुवातीच्या तासाभराचा होता. "फरक ६०व्या मिनिटानंतर दिसतो, पण पडतो पहिल्याच मिनिटापासून. विंगरला माहीत असतं की तासाभराने आपण बाहेर. मग तो राखून खेळत नाही, प्रत्येक पासवर अंगावर धावून जातो. तीनच बदल होते तेव्हा एखादा दुखापतीसाठी राखावा लागायचा, त्यामुळे इतकी मोकळीक नव्हती."

"आणि ७५व्यालाच सगळं संपवलं, मग कोणी जायबंदी झाला तर?" संदीपने विचारलं.

"तर दहा जणांनी खेळायचं," मिलिंद म्हणाला. "दोन खेळाडू वापरायचे राहिले असले तरी तिन्ही संधी गेल्या असतील तर तेच. डोक्याला मार लागला तर काही स्पर्धांत वेगळी सोय आहे, मांडीचा स्नायू धरला तर नाही. बाद फेरीत एक्स्ट्रा टाइमला आणखी एक खेळाडू आणि एक संधी मिळते, पण ९० मिनिटांच्या आत तिचा उपयोग शून्य." मोरियासूंनी शेवटची पंधरा मिनिटं आणि वर भरपाईचा वेळ हाच धोका पत्करून काढला होता.

संदीपने मग कोस्टा रिका काढलं. चारच दिवसांनी जपानने सुरुवातीच्या संघातच पाच बदल केले, पुढे बदली खेळाडूही आणले आणि ०-१ हरले. कोस्टा रिका मागे दाटीवाटीने उभं राहिलं, धावायला मोकळी जागाच नव्हती. स्पेनविरुद्ध मात्र मध्यांतरातच दोआन आणि मितोमा आले, तीन मिनिटांत दोआनचा गोल, पाठोपाठ तानाकाचा.

"म्हणजे समोरचा संघ पुढे चढून खेळत असेल तरच ताजे पाय कामाचे," संदीप म्हणाला. "मग बाकाची श्रीमंती एवढी महत्त्वाची नाही असं म्हणतोस?"

"महत्त्वाची आहे," मिलिंद म्हणाला. "पण जर्मनी आणि स्पेन दोघांविरुद्ध दोआन आणि मितोमा बाकावरून आले ते नाइलाज म्हणून नव्हे. त्यांना उशिराच आणायचं, हीच योजना होती."

इथे गौरी आणि संदीप पुन्हा एकमेकांवर तुटून पडले, कारण संदीपच्या मते चांगला खेळाडू पहिल्या मिनिटापासूनच हवा.