‘पोस्टर वाचलं असतं तर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मोठं तेलवाहू जहाज कसं वळतं आणि थांबतं यावरच्या माझ्या मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो.

“कॅप्टनसाहेब, कोल्हापुरात बसून समुद्राच्या गप्पा छान जमतात. पण उसाची ट्रॉली आणि तेलवाहू जहाज यांची तुलना पोरकट वाटली. जहाज थांबायला आणि वळायला किती अंतर लागतं ते ब्रिजवरच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं, मग नव्या अधिकाऱ्याला आश्चर्य वाटतं म्हणजे त्यानं पोस्टर वाचलेलं नाही, एवढंच. सागरी मैल १.६ किलोमीटरचा नसतो. आणि आता सगळं कॉम्प्युटर करतो, तुमचा काळ गेला. — रंकाळाकाठचा वाचक”

रंकाळाकाठचे वाचक,

मैलाचं तुमचं बरोबर आहे. सागरी मैल १८५२ मीटरचा. मी घाईत जमिनीवरचा मैल लिहून गेलो. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमच्या सुराबद्दल. ‘कोल्हापुरात बसून’ म्हणजे काय हो? समुद्र आंबा घाटाच्या पलीकडे आहे म्हणून इकडच्या माणसानं त्यावर बोलू नये? मी करवीर तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पंचगंगेच्या घाटापेक्षा जास्त पाणी पाहिलं नव्हतं. त्यातून उठून मी तेवीस वर्षं टँकरवर काढली, त्यातली बरीचशी मोठ्या कच्च्या तेलाच्या जहाजांवर. चूक दाखवा, ऐकून घेतो. पण माणूस कुठं बसून लिहितो यावरून त्याचं माप काढू नका. आणि टोपणनावाआडून तर नकोच नको.

ट्रॉलीचं म्हणाल तर ती तुलना मी मुद्दाम केली होती, कारण गळिताच्या दिवसांत आपल्याकडं ती प्रत्येकानं पाहिलेली असते. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वीस टन ऊस ओढतो, म्हणजे टनामागे अडीच अश्वशक्ती. तरीही उतारावर ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळतं. भरलेल्या मोठ्या टँकरचं वजन तेलासकट साडेतीन लाख टनांच्या घरात जातं आणि इंजिन असतं साधारण पस्तीस हजार अश्वशक्तीचं. दहा टनांमागे एक. वर ट्रॉलीला ब्रेक असतो, चाकाखाली डांबर असतं. जहाजाला यातलं काहीच नाही. तुलना एका जागी लंगडी पडते, हे कबूल : ट्रॉली वळताना आडवी घसरत नाही, जहाज घसरतं. पण तो फरक तुमच्या लक्षात आलेला नाही, तुम्हाला नुसतं ‘पोरकट’ म्हणायचं होतं.

बरं, पोस्टर. तुमच्या या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, कारण असंच वाक्य मी एकदा जहाजावर ऐकलं होतं. बोलणारा मीच होतो.

थर्ड ऑफिसर म्हणून भरलेल्या मोठ्या टँकरवर माझी पहिली फेरी. जहाज ३३० मीटर लांब. पोस्टर मला पाठ होतं. कॅप्टननं विचारलं तेव्हा धडाधडा आकडे म्हणून दाखवले आणि वर म्हणालो, “सर, इट्स ऑल ऑन द पोस्टर.” ते काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी माझ्या वॉचला, म्हणजे पाळीला, एका जहाजाला वाट द्यायची होती. अंतर भरपूर, घाई नाही. चाक धरणाऱ्या हेल्म्समनला उजवीकडं दहा अंश रडर, म्हणजे सुकाणू, द्यायला सांगितलं. समोर पाहतो तर नाक जागचं हलेना. टँकरचा ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, पार मागे असते, तिथून नाक पाव किलोमीटरहून लांब दिसतं. मनात मोजत होतो. अर्धं मिनिट गेलं आणि मला ते दहा मिनिटांसारखं वाटलं. माझा धीर सुटला आणि मी वीस अंश सांगितले. मग नाक हललं, आणि एकदा हललं ते थांबेना. मला वीस अंश वळायचं होतं. ठरलेली दिशा आल्यावर रडर मधोमध आणला, तरी नाक आपलं चाललेलंच. उलटा रडर दिला, तरी चाललेलंच. मागून कॅप्टन शांतपणे म्हणाले, “पोस्टरवर हे कुठं लिहिलंय?”

तर वाचक, तुम्हीही शोधा. पोस्टरवर असतं पूर्ण रडर देऊन काढलेलं वर्तुळ, आणि थांबण्याचं अंतर. वळण सुरू व्हायला किती वेळ जातो आणि सुरू झालेलं वळण आवरायला किती, हे त्या गोल चित्रातून डोळ्यांना कळत नाही. यासाठी वेगळी चाचणी असते. दहा अंश रडर द्यायचा, जहाज दहा अंश वळलं की लगेच तितकाच उलटा द्यायचा, आणि त्यानंतरही नाक आणखी किती अंश पुढं जातं ते मोजायचं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००२ सालच्या मानकांत मोठ्या, संथ जहाजांना हे वीस अंशांपर्यंत चालतं. म्हणजे उलटा रडर दिल्यावरही वीस अंश पुढं गेलेलं जहाज नियमात बसतं! मग नवा पोरगा दचकला तर त्यानं वाचलं नाही म्हणून?

दुसरं आश्चर्य याहून मोठं आहे, आणि आकडा पाठ असूनही ते वाटतंच. समजा जहाज १५ नॉटनं, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांनी, चाललंय आणि दीड सागरी मैलावर, म्हणजे पावणेतीन किलोमीटरवर, पुढ्यात बंद पडलेलं जहाज आहे. हातात सहा मिनिटं. मोटार चालवलेल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेक शोधतो. इथं तो ‘फुल अस्टर्न’, म्हणजे इंजिन पूर्ण उलटं, म्हणतो. काय होतं? प्रोपेलर थेट इंजिनला जोडलेला असतो. उलटं फिरवायचं तर आधी इंजिन थांबवायला हवं. पण तेल तोडलं तरी पुढं जाणाऱ्या जहाजाखालचं पाणी प्रोपेलरला फिरवत राहतं. फेरे पुरेसे उतरल्याशिवाय दाबाखालची हवा सोडून इंजिन उलटं सुरू करता येत नाही. त्यात मिनिटं जातात. त्यानंतरही साडेतीन लाख टनांना ते बिचारं इंजिन रोखणार कितीसं! नियम म्हणतो की असं थांबताना जहाजानं आपल्या लांबीच्या पंधरा पटींत थांबावं, आणि फार मोठ्या जहाजांना वीस पटींपर्यंत सूट मिळू शकते. ३३० गुणिले १५, जवळजवळ पाच किलोमीटर. म्हणजे पावणेतीन किलोमीटरवरच्या जहाजाशी पोचताना आपला निम्म्याहून जास्त वेग अजून अंगात असतो.

बरं, सरळ तरी जातं का? नाही. उलट्या प्रोपेलरमुळं रडरवरून जाणारा प्रवाह मोडतो आणि सुकाणू जवळजवळ निकामी होतं. नेहमीच्या उजव्या फिरकीचा प्रोपेलर उलटा फिरताना मागची बाजू डावीकडं ढकलतो, म्हणून नाक उजवीकडं जातं. किती जाईल, ते आपण ठरवत नाही.

आता तोच प्रसंग, पण इंजिनला हात न लावता रडर पूर्ण उजवीकडं. सुरुवातीला काही नाही. मग मागची बाजू डावीकडं सरकते. ब्रिज मागं असल्यानं तुम्हाला वाटतं आपण उलटंच चाललोय. जहाज नाकापासून साधारण पाव ते तृतीयांश लांबीवरच्या एका बिंदूभोवती फिरतं, आणि तुम्ही त्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला उभे. पण तीन-चार मिनिटांत नाक नव्वद अंश वळतं, आणि पहिल्या दिशेनं जहाज सरकतं लांबीच्या सुमारे तीन पट. एक किलोमीटर! थांबायला पाच, टळायला एक. पुढच्या जहाजापर्यंत दीड किलोमीटरहून जास्त पाणी शिल्लक राहतं. वर वळताना ३३० मीटर लांब आणि वीस-बावीस मीटर खोल बाजू पाण्याला आडवी होते, त्यामुळं वेगही झपाट्यानं पडतो. इंजिन देत नाही तो ब्रेक जहाजाचं अंग देतं. जाडजूड टँकर आपल्या लांबीच्या मानानं चांगला वळतो, हे मी गेल्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही बहुधा ट्रॉलीशीच थांबलात.

आणखी एक. वेग कमी केला की वर्तुळ लहान होतं असं प्रत्येक नव्या पोराला वाटतं. मलाही वाटायचं. रडर तेवढाच दिला तर वर्तुळ जवळजवळ तेवढंच राहतं. फक्त ते कापायला वेळ जास्त लागतो. वेग कमी करून विचाराला वेळ मिळतो, जागा वाचत नाही.

पण हे सगळं खोल पाण्यातलं. १९७७ साली मेक्सिकोच्या आखातात ‘एस्सो ओसाका’ या २,७८,००० टनी, ३२५ मीटर लांब टँकरवर मुद्दाम चाचण्या घेतल्या होत्या. पाण्याची खोली जहाज जितकं पाण्यात बुडालेलं होतं त्याच्या सव्वापटीहूनही थोडी कमी, १.२ पट झाली तेव्हा वळणाचं वर्तुळ खोल पाण्यातल्यापेक्षा पाऊणपटीच्या आसपास वाढलं. तळाखालून पाणी जायला वाट राहत नाही, म्हणून आडवं सरकणं अडतं. थांबण्याचं अंतर मात्र फारसं बदललं नाही. पोस्टरवर उथळ पाण्याची चौकट असते, ती बहुधा हिशोबानं भरलेली. खाली बारीक अक्षरांत हेही छापलेलं असतं की हवामान, जहाजाच्या तळाची अवस्था आणि भार यांप्रमाणे वागणूक वेगळी असू शकते. ते बारीक अक्षर तुम्ही वाचलंत का, असं विचारायचा मोह होतोय. विचारलंच.

१.२ पट म्हणजे काही काल्पनिक जागा नव्हे. मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीत मोठ्या जहाजांना तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी राखावं लागतं. साडेवीस मीटर बुडालेला टँकर चोवीस मीटर पाण्यातून जातो, तेव्हा हे गुणोत्तर १.२ च्याही खाली येतं. आणि तिथंच शेजारी दुसरी जहाजं, होड्या, मासेमारीची जाळी. उघड्या समुद्रात वाचवणारं ते एक किलोमीटरचं वळण तिथं तेवढंच मिळेल असं धरता येत नाही, आणि मिळालं तरी वळून जायचं कुठं? म्हणून तिथल्या काही पट्ट्यांत अशा जहाजांनी बारा नॉटच्या वर जाऊ नये असं सांगितलेलं आहे, आणि इंजिन आधीपासूनच असं ठेवतात की मागितल्याबरोबर फेरे उतरवता येतील. पूर्ण समुद्री वेगावरून शिस्तीत खाली यायला पाऊण तास सहज जातो, हे ज्यानं आधी ध्यानात घेतलं नाही त्याला पोस्टर पाठ असूनही तिथं घाम फुटतो.

त्या पहिल्या फेरीत कॅप्टननी मला शिक्षा केली नाही. पुढच्या वॉचला उघड्या समुद्रात, आजूबाजूला कोणी नसताना, माझ्याकडून दहा-दहा अंशांची चार वळणं करून घेतली. प्रत्येक वेळी किती अंश आधी उलटा रडर द्यावा ते माझ्या हातानं वहीत लिहायला लावलं. पहिल्या वळणात मी चुकलो, दुसऱ्यातही चुकलो. तिसऱ्यात नाक बरोबर येऊन थांबलं. ती वही अजून राजारामपुरीतल्या घरी आहे. टोपणनाव सोडून आलात तर दाखवीन, चहाही देईन.

कॉम्प्युटरबद्दल एवढंच : रडर किती द्यायचा हे तो ठरवेल कदाचित, पण मुद्दा साडेतीन लाख टनांचा होता.