'पाच दिवस गेले तर पुढचे पाच दिवस दुप्पट बसा'

“घरी लग्न असो की ताप, गेलेले पाच दिवस पुढच्या पाच दिवसांत दुप्पट बसून भरून काढा. राहिलेला भाग आधी, मग पुढचं. टाइमटेबलला हात लावू नका.”

माझी भाची अमळनेरला बारावी सायन्सला आहे. परीक्षेला चाळीस दिवस असताना आजी गेल्या आणि ती पाच दिवस पारोळ्याकडच्या गावी होती. परत आली तेव्हा हाच मेसेज माझ्यापुढे धरून म्हणाली, “मामा, आते काय करू?”

दुप्पट म्हणजे रोज बारा तास. रात्र रात्र जागून आलेल्या पोरीला ते झेपत नाही, तापातून उठलेल्याला तर नाहीच. तिसऱ्या दिवशी ती ढेपाळते आणि त्या दिवसाचा नेहमीचा अभ्यासही राहतो. शिवाय गेलेले दिवस पाचच नव्हते. गंधमुक्तीला पुन्हा गावी जायचं होतं. तो दिवस आम्ही आधीच वहीत काट मारून रिकामा केला.

टाइमटेबलला हात लावावाच लागतो. पाच दिवसांचे तीस तास कशाचे होते, ते आम्ही वहीतून वेगळं काढलं: इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन नव्याने शिकायला दहा, सहा जुन्या धड्यांच्या उजळणीला बारा, दोन पेपर सोडवून तपासायला आठ.

खरी बचत उजळणीत निघाली. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर एका धड्याचं आठवेल ते पंधरा मिनिटांत लिहायचं. तीन धडे नीट उतरले, ते सोडून दिले. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये डायइलेक्ट्रिक घातल्यावर कपॅसिटन्सचं काय होतं, तिथे पेन थांबलं; मग तेवढाच भाग वाचला. दोन धड्यांत असेच एकदोन तुकडे निघाले. चाचणी धरून पाच तासांत काम झालं. एक पेपर कायमचा वगळला, चार तास वाचले. नव्या धड्याचे दहा तास मात्र तसेच ठेवले, तिथे काटकसर चालत नाही. उरले एकोणीस. रविवारच्या दुपारी मोकळ्या होत्या: तीन रविवार, चार-चार तास. बाकी सात तास चौदा दिवस अर्धा-अर्धा तास.

“राहिलेला भाग आधी” हे अर्धंच खरं आहे. पुढचा धडा एसी सर्किट्सचा होता आणि इंडक्शनशिवाय तो कळत नाही, म्हणून इंडक्शन आधी घेतलं. मॅग्नेटिक मटेरियल्स राहिला असता तर तो बिनधास्त मागे टाकून सेमीकंडक्टर सुरू केला असता.

हा हिशोब पाच-सात दिवसांपुरता आहे. टायफॉइडने तीन आठवडे गेले तर धडेच वगळावे लागतात. आणि सलग दोन दिवस तो अर्धा तासही होत नसेल, तर नवी आखणीसुद्धा जड झाली आहे असं समजून उरलेला पेपरही वगळा.