व्हॅनकाकांना मेसेज पाठवताना

“नमस्कार काका, कसे आहात? जरा एक सांगायचं होतं, उद्या तिच्या आजोबांकडे कार्यक्रम असल्यामुळे…”

शाळेच्या व्हॅनकाकांना जाणारे बरेचसे मेसेज असे सुरू होतात. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण किती नम्र! पण काका मेसेज बघतात ते गाडी कुठल्यातरी गेटसमोर उभी असताना, पोरं चढेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात. स्क्रीनवर वरच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि त्यात आजोबांचा कार्यक्रम असतो. मूल येणार की नाही, हे खाली कुठेतरी. माझ्या मते काकांशी खरं सौजन्य म्हणजे पहिल्याच ओळीत नाव, वार आणि फेरी लिहिणं.

फेरी हा शब्द महत्त्वाचा. “उद्या येणार नाही” यातून सकाळी येणार नाही, दुपारी येणार नाही की दोन्ही वेळा, काहीच कळत नाही. सकाळचा घोळ फार तर दोन मिनिटांचा. गेटवर हॉर्न वाजतो, कोणी येत नाही, गाडी पुढे जाते. दुपारचा घोळ महागात पडतो. शाळा सुटल्यावर काका डोकी मोजतात, एक कमी भरतं. मग वर्गात बघा, मैदानात बघा, घरी फोन करा. तोवर बाकीची पोरं उन्हात तापलेल्या गाडीत बसून राहतात. म्हणून मेसेज असा:

“आरव, 4थी ब. गुरुवार 12 तारीख. फक्त दुपारी नको.
सकाळी नेहमीप्रमाणे 6.40 ला गेटवर येईल. दुपारी आजोबा शाळेतून नेतील. शुक्रवारपासून दोन्ही वेळा नेहमीसारखं.
काका, वाचलंत की ‘ठीक’ एवढं पाठवा.”

इयत्ता आणि तुकडी लिहायची, कारण एका गाडीत दोन आरव सहज निघतात. “शुक्रवारपासून नेहमीसारखं” ही ओळ गाळली, तर शुक्रवारी काका पुन्हा विचारात पडतात. आणि हेच वर्गशिक्षिकांनाही डायरीत लिहून द्यायचं, कारण मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं ते शाळा ठरवते, काका नाही.

“उद्या” लिहूच नका. रात्री साडेबाराला पाठवलेला “उद्या” काका पहाटे पाचला वाचतात, आणि मग तो आजचा की उद्याचा? “परवा” तर आपल्या भाषेत मागेही जातो आणि पुढेही. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एकात चूक झाली तरी दुसऱ्यावरून ती लगेच लक्षात येते.

चुकीचा मेसेज गेला, तर तो एडिट करू नका. व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांपर्यंत एडिट करता येतं खरं, पण त्याची नवी सूचना वाजत नाही. काकांनी आधीचं वाचलेलं असेल, तर तेच डोक्यात राहतं. “बदल:” असं लिहून पूर्ण मेसेज नव्याने पाठवा.

आता परीक्षेचे दिवस. शाळा 12.30 ऐवजी 10.45 ला सुटणार. इथे बहुतेक पालक शाळेच्या सूचनेचा फोटो ढकलून मोकळे होतात. त्या फोटोत पहिली ते दहावीचं वेळापत्रक असतं आणि काकांच्या गाडीत कदाचित तीन शाळांची पोरं. शिवाय पावणेअकराला ते दुपारच्या सत्राची मुलं गोळा करत असू शकतात. म्हणजे ही सूचना नव्हे, विनंती आहे. वेळापत्रक हातात आलं त्याच दिवशी विचारायचं:

“आरव, 4थी ब. सोमवार 16 ते शुक्रवार 20, शाळा सकाळी 10.45 ला सुटेल. आणायला जमेल का? नसेल जमत तर आम्ही आणू. शनिवारपर्यंत कळवा.”

“नसेल जमत तर” हे मनापासून लिहा. नाहीतर काका आधी हो म्हणतात आणि सोमवारी पोरगं गेटवर तासभर ताटकळतं.

मूल पहाटे तापाने फणफणलं, तर मेसेज नकोच. सहाच्या सुमारास काका स्टिअरिंगवर असतात. गाडीत मदतनीस ताई असतील तर त्यांना फोन करा. त्यांचा नंबर आजच सेव्ह करून ठेवा. आणि ग्रुपवर टाकून “मी कळवलं होतं” म्हणू नका, तिथे तो पाच शुभ सकाळच्या खाली गाडला जातो.

घरकामाच्या मावशींच्या बाबतीत घोळ वेगळाच. “25 ते 30 आम्ही गावाला” म्हटलं, तर 30 ला यायचं की नाही? त्यापेक्षा यायचा दिवस सांगा: “मावशी, मंगळवार 31 ला सकाळी या, तोवर सुट्टी. पगार कापणार नाही.” वाचायला अडचण असेल तर हेच व्हॉइस मेसेजमध्ये, वार दोनदा उच्चारून. पगाराचं वाक्य मात्र गाळू नका, त्या ते विचारणार नाहीत आणि सहा दिवस घोर लावून घेतील.